उत्तर नको असलेला मेसेज

प्रश्न: माझ्या बायकोचं दहाव्या आठवड्यात मिसकॅरेज झालं. आठ दिवस झाले, ती कामापुरतंच बोलते. मलाही रडू येतं, पण तिच्यासमोर नको म्हणून बाथरूममध्ये जातो. समोरासमोर सुचत नाही, म्हणून मेसेज लिहायला घेतला की चार ओळी लिहून पुसतो. चुकीचं काही बोलण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं का? आणि लिहायचंच तर काय लिहू?

उत्तर:

गप्प राहू नका. मी राहिलो होतो. आमचं अकराव्या आठवड्यात झालं. सोनोग्राफीला गेलो, डॉक्टरांनी स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत, तिथेच कळलं होतं. ठोके नव्हते. बाळाची वाढ नवव्या आठवड्यातच थांबली होती आणि मधले दोन आठवडे आम्हाला काहीच कळलं नव्हतं. गोळ्या दिल्या, पूर्ण पडलं नाही, मग क्युरेटिंग करावं लागलं. घरी आल्यावर मी ठरवलं की आपण विषय काढायचा नाही, काढला तर तिला त्रास होईल. मी माझ्या मते तिला जपत होतो. तिला वाटत होतं की मी विसरलोसुद्धा. हे मला पुढे तिनेच सांगितलं, आणि ते ऐकताना जे वाटलं ते अजून जात नाही.

तुमच्यासारखाच मीही मेसेज लिहायला बसलो होतो. पहिला खर्डा असा होता:

"काळजी करू नकोस. डॉक्टर म्हणाले असं बऱ्याच जणींना होतं. निदान लवकर कळलं. आपण पुन्हा प्रयत्न करू. तू खूप स्ट्राँग आहेस. काही लागलं तर सांग."

पाठवण्याआधी तो तिच्या जागी बसून वाचला म्हणून वाचलो. एकही वाक्य वाईट हेतूने लिहिलेलं नाही, काही तर खरीसुद्धा आहेत. कळून आलेल्या शंभर गर्भधारणांपैकी साधारण दहा ते वीस अशा संपतात, म्हणजे बऱ्याच जणींना होतं हे खरंच. पण जिचं बाळ गेलंय तिला त्या क्षणी आकड्यातली एक व्हायचं नसतं. "निदान" या शब्दापासून तर चार हात लांब राहा. निदान लवकर झालं, निदान दिवस राहतात हे तरी कळलं, निदान तू ठीक आहेस. निदान म्हटलं की पुढे जे येतं ते तिच्या दुःखाला माप लावणारं असतं. आठवडे मोजून दुःख कमी-जास्त होत नाही. दोन रेषा दिसल्या त्या दिवसापासून तिने मनात कितीतरी पुढचं पाहून ठेवलेलं असतं, आणि ते सगळं एकदम गेलेलं असतं.

"पुन्हा प्रयत्न करू" हे मला सगळ्यात धीराचं वाक्य वाटलं होतं. पण त्याचा अर्थ असा पोचतो की हे बाळ गेलं तर गेलं, दुसरं आणू. "स्ट्राँग आहेस" म्हटलं की तिला रडायची चोरी. आणि "काही लागलं तर सांग" यात काय लागतं ते शोधायचं, शब्दात मांडायचं आणि मागायचं ही तिन्ही कामं तिच्याच गळ्यात. तेव्हा तिला उठून पाणी घ्यायचंही जिवावर येत होतं.

शेवटी जो पाठवला तो हा. तिला विचारूनच इथे लिहितोय:

"काल रात्री तू पलीकडे तोंड करून रडत होतीस. मी जागा होतो. काय बोलावं कळेना म्हणून झोपेचं सोंग घेतलं. चुकलं माझं. आपलं बाळ गेलं. सोनोग्राफीतला तो न हलणारा ठिपका माझ्याही डोळ्यासमोरून हलत नाही. पण तुझ्या शरीरावरून जे गेलं ते मला पूर्ण कळणार नाही, आणि कळतं असं मी म्हणणारही नाही. आज सहाला घरी येतो. बोलावंसं वाटलं तर ऐकेन, नाही वाटलं तर नुसता शेजारी बसेन. याला उत्तर द्यायची गरज नाही."

यातलं शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. मेसेज आला की उत्तराचं ओझं येतं. "मी ठीक आहे" एवढं तरी लिहावं लागतं, आणि ते खोटं असतं. ते ओझं तुम्हीच काढून घ्या. आणि सहा म्हटलं तर सहा. मी त्या दिवशी पावणेसहाला दारात होतो. लेखी दिलेला शब्द पहिल्याच दिवशी मोडला असता, तर त्या मेसेजला काही किंमत राहिली नसती.

"बाळ" लिहायचं की नाही यावर मी बराच अडलो होतो. काही जणी बाळ म्हणतात, काही जणी "ते" किंवा "प्रेग्नन्सी" म्हणतात. ती जो शब्द वापरते तोच वापरा. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून बाळच होतं.

तिचं उत्तर आलं नाही. निळ्या खुणा दिसल्या, बास. संध्याकाळी मी शेजारी जाऊन बसलो. अर्धा तास कोणी काही बोललं नाही. मग तिने विचारलं, "तू जागा होतास?" मी हो म्हणालो. तिथून ती बोलायला लागली.

आता बोलायला लागल्यावर माझं काय चुकलं तेही सांगतो, कारण मेसेज बरा जमला तरी माणूस पुढे माती खातोच. ती म्हणाली, "मी त्या आठवड्यात पाण्याची भरलेली बादली उचलली होती." मी लगेच म्हणालो, "छे, त्याने काही होत नाही." माहिती बरोबर होती. पण ती गप्प झाली ती दोन दिवस. तिने ती बादली आठवडाभर मनात बाळगली होती आणि मी एका शब्दात ती बाजूला ठेवून दिली. दुसऱ्यांदा विषय निघाला तेव्हा मी फक्त विचारलं, "हे कधीपासून मनात आहे तुझ्या?" मग बादलीच्या मागून बाकीचं आलं. रात्री उशिरापर्यंत केलेलं ऑफिसचं काम, एक भांडण, एक प्रवास. सगळं ऐकून झाल्यावर म्हणालो, पुढच्या तपासणीला हे सगळं डॉक्टरांनाच विचारू, मी बरोबर येतो. डॉक्टरांनी सांगितलं की सुरुवातीच्या आठवड्यांत असं होतं तेव्हा निम्म्याच्या आसपास वेळा गर्भातल्या गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते, आणि रोजच्या कामाने, वजन उचलल्याने किंवा भांडणाने गर्भ पडत नाही. तीच माहिती, पण या वेळी तिने ती घेतली. आधी ऐकलं गेलं होतं म्हणून, असं मला वाटतं.

शरीराचंही थोडं समजून ठेवा, कारण "आता आठ दिवस झाले" हा हिशेब आपला असतो, शरीराचा नसतो. रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत चालू शकतो. गर्भधारणेचं हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात, तोवर घरी केलेली टेस्ट पॉझिटिव्हही दिसू शकते आणि मळमळ रेंगाळू शकते. बाळ नाही पण शरीर अजून आहे म्हणतंय, हे तिच्यासाठी किती विचित्र असेल बघा. पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांनी येते, आणि त्या दिवशी पुन्हा सगळं वर येतं. तो दिवस मला अजिबात अपेक्षित नव्हता. मात्र तासाला दोन मोठे पॅड भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, ताप आलाय, स्रावाला घाण वास येतोय, चक्कर येऊन पडतेय किंवा पोटात असह्य दुखतंय, यातलं काहीही असेल तर शेजारी बसून राहू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणखी एक चूक. क्युरेटिंगनंतर घरी आल्यावर मी सोनोग्राफीची फाईल कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या बॅगेखाली ठेवून दिली. तिच्या नजरेला पडू नये म्हणून. चौथ्या दिवशी ती स्टुलावर चढून ती शोधत होती. त्यानंतर काहीही हलवण्याआधी विचारायला लागलो. फोनवर तिचं ते आठवड्यांचं अ‍ॅप होतं, बाळ आता लिंबाएवढं झालं वगैरे सांगणारं, ते अजून नोटिफिकेशन पाठवत होतं. मी विचारलं, काढू का? ती म्हणाली, नोटिफिकेशन बंद कर, अ‍ॅप राहू दे. मला कधीच सुचलं नसतं. नातेवाइकांना कळवण्याचंही तसंच. एक वाक्य दोघांनी मिळून ठरवलं, फोन मी केले, आणि कोणी "पुढच्या वेळी" सुरू केलं की तिथेच थांबवायचं काम माझ्याकडे.

काही आठवड्यांनंतरही झोप, खाणं, कशातच रस नाही असं रोज चाललं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ या असं तुम्हीच म्हणा, आणि अपॉइंटमेंट तुम्हीच घ्या. जगून काय करू अशा अर्थाचं काही बोलली तर आठवडे मोजू नका. त्याच दिवशी जा, आणि तोवर तिला एकटं सोडू नका. हेच सगळं तुम्हालाही लागू आहे. बाथरूममध्ये जाऊन रडणाऱ्यालाही.

ड्यू डेट कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. तिच्या लक्षात असतेच, प्रश्न फक्त तुमचा असतो. आमची तारीख आली तेव्हा मी सकाळी लिहिलं, "आज ती तारीख आहे. माझ्या लक्षात आहे. दुपारनंतर सुट्टी टाकली आहे." आम्ही काही विशेष केलं नाही, घरीच होतो.

तुमच्या मेसेजचं पहिलं वाक्य काय असावं म्हणाल, तर तुमच्या प्रश्नातच आहे. बाथरूमचं. माझ्या झोपेच्या सोंगासारखंच आहे ते. तिला कदाचित पाण्याच्या आवाजामागचं ऐकूही आलं असेल आणि ती दाराबाहेर तुमच्यासारखीच गप्प उभी राहिली असेल. आज तेच लिहा आणि पुसायच्या आत पाठवून टाका.