सोसायटीच्या हॉलसाठी सभेत टीव्ही मागताना: दोन मिनिटांचं भाषण

पहिल्यांदाच बोलताय, तर आधी विषय सभेच्या विषयपत्रिकेत घालून घ्या. आयत्या वेळी मांडलेला खर्चाचा विषय बहुतेक वेळा पुढच्या सभेवर ढकलला जातो.

टीव्हीच्या कौतुकात वेळ घालवू नका. लोकांच्या मनात प्रश्न वेगळेच असतात: रिमोट कुणाकडे राहणार, आवाजाचा त्रास कुणाला, बिघडला तर कोण बघणार? हॉलला लागून राहणाऱ्या कुटुंबाला सभेआधीच भेटा आणि आवाज बंद करायची वेळ त्यांनाच ठरवू द्या. मग भाषणात "रात्री नऊनंतर टीव्ही बंद, शेजारच्यांशी बोलून ठरवलंय" एवढं म्हटलं की अर्धा विरोध तिथेच मावळतो.

आकार मात्र मोजून सांगा. शेवटच्या खुर्चीपासून भिंतीपर्यंत टेप लावा. अक्षरं वाचता यायला हवी असतील, तर हे अंतर पडद्याच्या उंचीच्या साधारण सहापटीपेक्षा जास्त नसावं. ५५ इंची पडदा जेमतेम ६८ सेंटीमीटर उंच असतो, म्हणजे चार मीटरपर्यंत ठीक. अंतर साडेपाच मीटर असेल तर ७५ इंची लागेल. "मोठा घेऊ" म्हणण्यापेक्षा हा हिशेब लोकांना पटतो.

शेवटी ठराव लिहूनच वाचा: "हॉलसाठी ७५ इंची टीव्ही घ्यावा, तीन दरपत्रकं मागवावीत, खर्च मंजूर रकमेच्या आत ठेवावा, रिमोट कार्यालयात राहावा." अनुमोदक आधीच ठरवून ठेवा, वाचून झालं की त्यांनी लगेच हात वर करायचा.