एका स्वयंपाकघरात दोन गरोदर जावा: एकीचं वजन ४३, दुसरीचं ७८

प्रश्न: मला बारावा आठवडा चालू आहे. उंची १५६ सेंमी, दिवस राहण्याआधी वजन ४३ किलो होतं, उलट्यांमुळे आता ४२ झालंय. थोरल्या जाऊबाईंना सोळावा आठवडा आहे, उंची १५८ सेंमी, आधी ७८ किलो होत्या, आता ८०. स्वयंपाक एकच. सासूबाई ‘दोन जिवांचं खा’ म्हणत दोघींना सारखंच वाढतात. कोणाचं किती वजन वाढायला हवं? आणि कॅल्शियम, आयोडीन, फोलिक अ‍ॅसिडचं दोघींचं वेगवेगळं असतं का?

उत्तर:

मी आहारतज्ज्ञ आहे आणि बाळंतपणाच्या दवाखान्यात गरोदर बायकांचा आहार बघते. थोडक्यात सांगायचं तर डाळ, उसळ, पालेभाजी, दूध-दही हे सासूबाई दोघींना सारखंच वाढतात ते बरोबर आहे. भाकरी, भात, तूप, शेंगदाणे आणि गोड मात्र तुम्हाला जास्त हवं आणि जाऊबाईंना कमी. कॅल्शियम आणि आयोडीन दोघींना सारखंच लागतं. फोलिक अ‍ॅसिडमध्ये थोडा फरक पडू शकतो, त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी वजन. किती वाढायला हवं हे दिवस राहण्याआधीच्या वजनावरून ठरतं, आजच्या नाही. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, १७.७ येतो, म्हणजे तुम्ही कमी वजनात मोडता. जाऊबाईंचा ३१.२ आहे, तो लठ्ठपणात मोडतो. जगभर वापरली जाणारी अमेरिकन मार्गदर्शक सूचना २००९ सालची आहे. तिच्याप्रमाणे नऊ महिन्यांत तुमचं वजन १२.५ ते १८ किलो वाढावं आणि जाऊबाईंचं ५ ते ९. हे आकडे तिकडच्या बायकांवरून काढलेले आहेत. तुमच्या चणीच्या बाईने १८ चा आकडा गाठायच्या मागे लागू नये असं माझं मत आहे. १२.५ पर्यंत पोचणं हे खरं उद्दिष्ट.

दोघींत एवढा फरक का, ते वजन कुठे जातं हे बघितलं की कळतं. बाळ, वार, गर्भजल, वाढलेली गर्भपिशवी, जादा रक्त आणि अंगातलं पाणी मिळून साधारण आठ किलोच्या आसपास जातात. उरलेली तीन-चार किलो चरबी असते, ती शरीर पुढच्या महिन्यांसाठी आणि अंगावर पाजण्यासाठी साठवतं. हा साठा जाऊबाईंकडे आधीच आहे, त्यामुळे कमी वाढ त्यांना चालते. तुम्हाला तो याच नऊ महिन्यांत करायचा आहे.

आता तुमचा हिशेब. पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो वाढतं, पण उलट्यांमुळे एखादा किलो उतरणंही नेहमीचं आहे, त्याने घाबरू नका. मात्र वजन ४१ च्या खाली गेलं, पाणीही पोटात ठरेना किंवा लघवी कमी आणि गडद होऊ लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. चाळिसाव्या आठवड्यापर्यंत तुमच्याकडे २८ आठवडे आहेत. आठवड्याला सरासरी अर्धा किलो धरला तर १४ किलो, म्हणजे ४२ चे ५६. जाऊबाईंना २४ आठवडे आहेत. त्यांना आठवड्याला दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम, म्हणजे महिन्याला साधारण एक किलो, पुरे. ८० चे ८५ झाले तरी त्या ८३ ते ८७ च्या हद्दीत राहतात.

‘दोन जिवांचं’ म्हणजे दुप्पट नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय गरोदर बाईसाठी रोज ३५० कॅलरी जादा सांगितल्या आहेत. एक मोठा कप गायीचं दूध, मूठभर शेंगदाणे आणि सुपारीएवढा गुळाचा खडा, एवढ्यात त्या भरतात. तुम्ही हे रोज घ्याच, आणि वर जेवणात चमचाभर तूप आणि अर्धी भाकरी वाढवा. मळमळ असेपर्यंत भरल्या ताटाकडे बघवत नाही. तेव्हा दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं खा: भिजवलेले शेंगदाणे, दहीभात, उकडलेलं रताळं, केळं. उपाशी पोटी मळमळ आणखी वाढते.

तुमच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एक मोठा अभ्यास झाला. त्यात बायकांना दिवस राहायच्या आधीपासून पालेभाजी, फळं आणि दुधाचा खाऊ रोज दिला. अंगाने बऱ्या असलेल्या बायकांच्या बाळांचं जन्मवजन त्याने वाढलं, पण अगदी बारीक बायकांच्या बाळांचं वाढलं नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की तुमच्यासारखीने नुसत्या पालेभाजी-फळांवर भिस्त ठेवू नये. पोटभर भाकरी, डाळ आणि स्निग्ध पदार्थ पाहिजेतच. ‘कमी खाल्लंस की बाळ लहान राहील आणि बाळंतपण सोपं जाईल’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. कमी वजनाचं बाळ लवकर गार पडतं, त्याला ओढून दूध प्यायला जमत नाही.

जाऊबाईंनी आता डाएट करायचं नाही, उपासही धरायचे नाहीत. साबुदाण्याच्या खिचडीने पोट भरतं, पण बाळाला हवं ते त्यात फारसं नसतं. त्यांच्या ताटातून काढायचं ते इतकंच: दुसरी भाकरी अर्धी, भाकरीवरचं तूप, सरबतं, बिस्किटं आणि चहातली साखर. दिवसात तीन चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असेल तर नुसत्या साखरेच्या शंभराहून जास्त कॅलरी होतात. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर जेवणानंतर पंधरा मिनिटं चालावं. त्यांची ७५ ग्रॅम ग्लुकोजची साखरेची तपासणी अजून झाली नसेल तर आत्ता करून घ्या. आत्ता बरोबर आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची. दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली तर उपचार लागतात.

कॅल्शियम दोघींना रोज १००० मिलिग्रॅम. दिवसभरात दोन मोठे कप दूध किंवा दही घेतलं की त्यातून सुमारे ६०० मिळतं. नाचणीची एक मध्यम भाकरी जवळजवळ २०० देते, तिळाच्या चटणीचा मोठा चमचा शंभराच्या आसपास आणि शेवग्याच्या पाल्याची किंवा राजगिऱ्याची भाजी उरलेलं भरून काढते. पालकावर मात्र विसंबू नका, त्यातलं कॅल्शियम अंगाला फारसं लागत नाही. जाऊबाईंनी साय काढलेलं दूध घ्यावं. साय गेली तरी कॅल्शियम जात नाही. तुम्ही सायीसकट प्या.

शिवाय सरकारी दवाखान्यात चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅमची कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा देतात. ही गोळी फक्त हाडांसाठी नाही. जिथे आहारात कॅल्शियम कमी असतं तिथे ती गरोदरपणातल्या रक्तदाबाचा धोका कमी करते. तो धोका जाऊबाईंना वजनामुळे जास्त आहे, म्हणून त्यांनी ती चुकवू नये. नेहमीची चूक म्हणजे लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकदम गिळणं. मग लोह नीट शोषलं जात नाही. कॅल्शियमची एक गोळी सकाळच्या खाण्याबरोबर आणि एक रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या. लोहाची दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत. तिच्या आगेमागे तासभर चहा नको. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती पहाटे उपाशीपोटी आणि या दोन्हींपासून चार तास लांब.

आयोडीनबद्दल घरात सहसा कोणी विचारत नाही, म्हणून एकदा मिठाचा डबा बघा. गरोदरपणी रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, कारण पहिल्या काही महिन्यांत बाळ पूर्णपणे आईच्या थायरॉइडवर चालतं आणि मेंदूची घडण त्याच वेळी सुरू असते. आपल्याकडच्या आयोडीनयुक्त मिठात घरी पोचेपर्यंत ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम असायला हवं. हल्ली पुष्कळ घरांत ‘पौष्टिक’ म्हणून सैंधव किंवा खडेमीठ आलंय आणि त्यात आयोडीन जवळजवळ नसतं. पुड्यावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह आहे का ते बघून मीठ घ्या, झाकणाच्या डब्यात ठेवा आणि भाजी उतरवताना घाला, कारण उकळत राहिलं की त्यातलं थोडं उडून जातं. मीठ वाढवायचं मात्र नाही. बाकीचं आयोडीन दूध, दही, अंडी आणि समुद्री मासळीतून येतं. सरकारी लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांत आयोडीन नसतं. तुम्ही दूध, अंडी, मासे यातलं काहीच घेत नसाल तर आयोडीन असलेली गरोदरपणाची गोळी लागेल का, हे डॉक्टरांना विचारा. थायरॉइडचा आजार असेल तर आपल्या मनाने मुळीच घेऊ नका.

फोलिक अ‍ॅसिडचं सगळ्यात मोठं काम तुम्हा दोघींच्या बाबतीत होऊन गेलेलं आहे. बाळाच्या मेंदू आणि मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्यानंतर पंधरा दिवसांच्या आत. म्हणून पुढच्या खेपेला रोज ४०० मायक्रोग्रॅम दोन-तीन महिने आधीपासून सुरू करायचं. जास्त वजनाच्या बायकांत ही नळी न मिटण्याचा धोका वाढतो. ब्रिटनमध्ये बीएमआय ३० च्या वर असेल तर पहिल्या तीन महिन्यांपर्यंत ५ मिलिग्रॅमची गोळी सुचवत असत. जाऊबाईंनी पुढच्या वेळी हे डॉक्टरांशी आधीच बोलावं. आत्ता दोघींना रोजच्या लाल गोळीतलं ५०० मायक्रोग्रॅम आणि डाळी, चवळी, हिरव्या भाज्या, संत्री, मोसंबी एवढं पुरतं. भाजी उकडून पाणी ओतून दिलं की फोलेट, म्हणजे अन्नातलं फोलिक अ‍ॅसिड, त्या पाण्याबरोबर जातं, म्हणून झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवा.

दुकानात ५ मिलिग्रॅमची गोळी सहज मिळते म्हणून ती स्वतःहून सुरू करू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन नीट काम न करण्याची लक्षणं जास्त दिसली. आपल्याकडे शाकाहारी बायकांत बी-१२ ची कमतरता फार आहे. अंडी-मांस-मासळी खात नसाल तर हिमोग्लोबिनबरोबर बी-१२ ही तपासून घ्या, दोघींनीही.

वजन दर पंधरा दिवसांनी सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर करा आणि कॅलेंडरवर लिहा. पंधराव्या आठवड्यानंतरही महिनाभरात तुमचं एक किलोसुद्धा वाढलं नाही, तर पोटातल्या बाळाची वाढ तपासायला लवकर जा. जाऊबाईंचं सलग महिनाभर दोन किलोंच्या वर गेलं तर आधी चहा-बिस्किटांकडे बघा आणि साखर पुन्हा तपासा. आणि विसाव्या आठवड्यानंतर दोघींपैकी कोणाचंही वजन एकाच आठवड्यात किलोहून जास्त चढलं, चेहरा किंवा हात सुजले, डोकं थांबेनासं दुखलं किंवा डोळ्यांपुढे चमकू लागलं, तर ते खाण्यामुळे नसतं. पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रक्तदाब आणि लघवी तपासून घ्या.