दुरुस्ती पुन्हा लांबल्यावर भाडेकरूला काय लिहावे
दुरुस्ती दुसऱ्यांदा लांबली असेल, तर "प्लंबर आला नाही" एवढेच कळवू नका. भाडेकरूच्या लेखी प्लंबर हा तुमचाच माणूस असतो. बाथरूमच्या गळतीच्या वेळी मी असे लिहिले होते: "शनिवारचा शब्द मी पुन्हा पाळू शकलो नाही, याबद्दल दिलगीर आहे. वॉटरप्रूफिंग झाले आहे. मात्र पाणी साठवून पाहिल्यावर कोपऱ्यातून पाझर दिसल्याने तेवढा भाग पुन्हा करत आहोत. बुधवारी सायंकाळी पुन्हा पाणी साठवू आणि शुक्रवारी सायंकाळी निकाल कळवीन." लाद्या बसवण्याची तारीख मी मुद्दाम दिली नाही, कारण चाचणीचे ४८ तास संपण्यापूर्वी दिलेली तारीख तिसऱ्यांदा मोडण्याचीच शक्यता अधिक होती. घरात दुसरे बाथरूम नसेल, तर भाड्यातील सवलतीचा आकडाही त्याच संदेशात लिहावा. तो भाडेकरूला मागावा लागू नये.