फॉल्स सीलिंगमधून १२ मीटर एचडीएमआय

प्रश्न: नवीन फ्लॅटमध्ये प्रोजेक्टर लावतोय. टीव्ही युनिटपासून फॉल्स सीलिंगमधून १२ मीटर एचडीएमआय केबल जाईल. साधी चालेल की ऑप्टिकलच घ्यावी?

फुल एचडीच बघणार असाल तर १२ मीटरची जाड तांब्याची केबल बहुतेक वेळा चालते. ६० हर्ट्झवर फोरके, त्यात एचडीआर हवं असेल तर ऑप्टिकलच घ्या. तिथे साध्या केबलवर मी ५ मीटरच्या पुढे भरवसा ठेवत नाही.

हे मी मुलुंडच्या एका घरात हात पोळून शिकलो. १५ मीटरची साधी केबल सीलिंगमध्ये टाकली, सेट-टॉप बॉक्सवर चित्र दाखवलं आणि पैसे घेऊन निघालो. काही दिवसांनी काकांचा फोन आला: "अहो, पडदा मध्येच दोन सेकंद काळा होतो, आणि पांढरे ठिपके चमकतात." त्यांनी फोरके स्ट्रीमिंग बॉक्स आणला होता. माझी चाचणी झाली होती फुल एचडीवर, म्हणजे सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिटवर. नव्या बॉक्सला १८ लागत होते. वेग वाढला की तांब्यात सिग्नल जास्त विरतो, आणि लांबी वाढली की आणखी. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झचं ३० केलं, डेटा निम्म्यावर आला आणि ठिपके गायब झाले. बॉक्स ठीक होता, केबल कमी पडत होती. सीलिंग पुन्हा उघडलं. पीओपीवाल्याचे पैसे अर्थातच माझ्या खिशातून.

ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांत चिप असते. एक सिग्नलचा प्रकाश करते, दुसरी परत वीज. त्यामुळे तिला दिशा असते. एका टोकावर "Source" आणि दुसऱ्यावर "Display" छापलेलं असतं. उलटी ओढली तर चित्र येतच नाही, म्हणून ओढण्याआधी फरशीवर पसरून तुमच्याच बॉक्स-प्रोजेक्टरवर फोरके ६० हर्ट्झला तासभर चालवून बघा. आमचे कारागीर हे हमखास टाळतात. पाऊण इंची पाइपच्या वळणात प्लग अडकतो, तेव्हा डोकं वेगळं निघणारी केबल मिळाली तर उत्तम. प्लगला धरून ओढू नका आणि कोपऱ्यात घडी पडू देऊ नका, आतली काच तुटते.

त्याच पाइपमधून एक कॅट-सिक्स टाकून ठेवा. नेटवर्कची तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत जाते (९० भिंतीतली, १० पॅच कॉर्डची), त्यामुळे फ्लॅटमध्ये लांबीचा प्रश्नच नाही. फक्त लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळणारी, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली घेऊ नका. टोक चाकूने खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत करा.