वय ३१. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे गेलेत, मधले केस दाट आहेत. एकदम बारीक ठेवू की वाढवून मागे वळवू? चेहरा लांबट आहे.

बारीक ठेवा. मागे तर अजिबात वळवू नका.

आमचं साताऱ्यात सलून आहे. वडिलांच्या हाताखाली शिकलो, आणि याच विषयावरून आमचं दोघांचं अजून वाजतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अण्णांचं म्हणणं असं की कोपरे गेले की उरलेले केस वाढवायचे, तेल लावायचं आणि कंगव्याने एका अंगाला नेऊन कोपरा झाकायचा. गेल्या लग्नसराईत एक मुलगा आला, साखरपुडा तोंडावर आलेला. केसांची ठेवण तुमच्यासारखीच: मध्ये दाट, दोन्ही कोपरे दोन-दोन बोटं आत. जेल लावून सगळे केस मागे ओढलेले. अण्णा लगेच म्हणाले, "अजून वाढव, मी भांग पाडून देतो." मी म्हटलं, याला खुर्चीत मला बसवू द्या.

मागे ओढलेला केस मुळापाशीच आडवा होतो आणि कोपऱ्याचा अख्खा आकार उघडा टाकतो. एका अंगाला नेला तर आरशासमोर झाकतो खरा, पण लांब केस तेलाने-घामाने एकमेकांना चिकटतात, त्यांच्या बटा होतात आणि बटांच्या मधून कातडी दिसते. गाडीवरून उतरून हेल्मेट काढलं की झाकलेलं सगळं उघडं. शिवाय डोळ्याला मुळात खटकतो तो दाट आणि विरळ यांच्यातला फरक. कानांवरचे केस सहसा जात नाहीत. ते वाढवले की फुगतात आणि त्यांच्या शेजारी कोपरे आणखी रिकामे वाटतात. म्हणून आधी बाजू उतरवायच्या.

त्या मुलाला कानाजवळ दोन नंबरचं मशीन लावलं, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर, आणि वर जाताना तीन नंबर. डोक्यावरचे केस कात्रीने साधारण इंचभर ठेवले, पुढचे थोडे जास्त, आणि ते कपाळाच्या दिशेने, किंचित तिरके पाडले. पुढची कड सरळ कापली नाही, कात्रीचं टोक उभं धरून तुटक ठेवली. दातेरी कात्री तिथे मुद्दाम वापरली नाही; ती केस विरळ करते आणि तुम्हाला पुढचा एकेक केस हवा आहे. वस्तऱ्याने कपाळाची लाइन मारायचा मोह बऱ्याच कारागिरांना होतो, तो करू देऊ नका. कोपऱ्यातली बारीक लव तिथली कड मऊ ठेवते. ती काढली की कोपरा कुठून सुरू होतो ते रेघ मारून दाखवल्यासारखं होतं, आणि चार दिवसांनी खुंट दिसतात ते वेगळंच.

अण्णा म्हणाले, "पोराला कैदी केलास." मी मुलाला दुकानाबाहेर उन्हात नेलं. दुकानात ट्यूबलाइट समोरून पडते, तिथे कुठलाही कट खपतो. डोक्यावरून येणाऱ्या दुपारच्या उन्हात खरं कळतं. कोपरे दिसत होते, पण कपाळाचा भाग वाटत होते, कुणी लपवायला गेल्यासारखे नाही. तो मुलगा अजून माझ्याकडेच येतो. अण्णांनी मात्र त्या दिवशी मान्य केलं नाही आणि आजही करत नाहीत. त्यांचं एक उत्तर ठरलेलं असतं: "माझी गिऱ्हाइकं तक्रार करत नाहीत." करणार कशी? ती वारा सुटला की डोक्यावर हात ठेवून चालतात आणि त्यालाच सवय म्हणतात. झाकण्यात ज्याचा दिवस जातो त्याला चांगला कट मिळाला असं मी म्हणणार नाही, मग तो माझ्या वडिलांनी केलेला का असेना.

तुमचा चेहरा लांबट आहे, तेव्हा बाजू तीन नंबरच्या खाली नेऊ नका आणि वरचे केस उभे करू नका, चेहरा आणखी लांब दिसेल. थोडी दाढी चालेल. लावायचंच तर चकाकी नसलेलं वॅक्स मटारच्या दाण्याएवढं, कोरड्या केसांना. जेल ओलसर दिसतं आणि बटा पाडतं.

एक राहिलं. केस कुरळे असतील आणि कोपरे जेमतेम बोटभर गेले असतील, तर लांब केसही शोभतात, पण पुढे-तिरके पडणारे. मागे ओढलेले नाहीत. टाळूवरही विरळ होत असेल तर वर इंचभर ठेवण्यात अर्थ नाही, सगळीकडे दोन नंबर फिरवा. आणि केस गोल चकत्यांनी जात असतील तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, सलूनमध्ये नंतर या. हा कट तीन-चार आठवड्यांत बाजूंनी फुगतो, तेव्हा महिन्याला एकदा खुर्चीत बसावं लागेल.