अरबी नावातला तिसरा शब्द

*'सासरे मस्कतला एका अरबी व्यापाऱ्याकडे बरीच वर्षं कामाला होते. जुन्या कागदांत मालकाचं नाव एकीकडे "सालिम बिन सैफ बिन हमद अल-हार्थी", दुसरीकडे "सालिम सैफ हमद" आणि एका चिठ्ठीत नुसतं "अबू सैफ" असं आहे (नावं बदलली आहेत). हा एकच माणूस का? आणि त्याचं आडनाव कोणतं?'*

बहुधा एकच. आडनावाच्या जवळपास जाणारं काही असेल तर ते फक्त पहिल्या कागदावर आहे, 'अल-हार्थी'. 'हमद' हे आडनाव नव्हे, ते आजोबांचं नाव.

आपली गफलत होते ती नेमकी इथे, आणि आपण मराठी आहोत म्हणूनच होते. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव ही सवय शाळेच्या हजेरीपासून हाडात मुरलेली. अरबी नावाचे पहिले दोन शब्द त्या सवयीत चपखल बसतात, म्हणून आपण निर्धास्त होतो आणि तिसऱ्या शब्दाला आडनावाच्या पाटावर बसवतो. पण अरबी नाव तिथे वळत नाही, सरळ मागे चालत राहतं: मी, माझा बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. मी स्वतः आखातात एका कंपनीच्या कचेरीत असताना पहिल्या वर्षी फायली तिसऱ्या शब्दावरून लावल्या होत्या. एकाच गिऱ्हाइकाची एक फाईल 'ह' मध्ये हमद म्हणून, दुसरी पुन्हा 'ह' मध्येच पण हार्थी म्हणून. दोघांना वेगवेगळी थकबाकीची पत्रं गेली. गृहस्थ हसले, साहेब हसले नाहीत.

'बिन' म्हणजे 'चा मुलगा'. मूळ शब्द 'इब्न'. दोन नावांच्या मधे तो आला की अरबी लिपीत सुरुवातीचा अलिफ गळतो आणि नुसतं ब-न उरतं, म्हणून आखाती कागदांत सगळीकडे 'बिन' दिसतं. जुन्या ग्रंथांच्या लिप्यंतरात मात्र 'इब्न' लिहायची पद्धत आहे. शब्द एकच. मुलीसाठी 'बिन्त'. तर 'सालिम बिन सैफ बिन हमद' म्हणजे हमदचा मुलगा सैफ, त्याचा मुलगा सालिम. ही साखळी कुठेही तोडता येते. जागा कमी असेल तर दोन कड्या, वारसाहक्काचा दावा असेल तर चार-पाच. आणि इजिप्त, सुदानकडे तर 'बिन' लिहीतच नाहीत, नुसती नावं एकापुढे एक ठेवतात. तिकडच्या फॉर्मवर 'चौपदरी नाव' मागतात, म्हणजे स्वतःपासून पणजोबांपर्यंत चार नावं. तुमच्या दुसऱ्या कागदावर हेच झालं आहे: 'बिन' गाळलंय, जमातीचं नाव गाळलंय, माणसं तीच आहेत.

ही साखळी नीट वाचली तर तिच्यातून नातं काढता येतं, ते ओमानच्याच राजघराण्यावरून पाहा. सुलतान काबूस 2020 च्या जानेवारीत वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. गादीवर आले हैथम. काबूस यांचं नाव काबूस बिन सईद बिन तैमूर आल सईद. हैथम यांचं हैथम बिन तारिक बिन तैमूर आल सईद. दुसरी कडी वेगळी, तिसरी तीच. म्हणजे बाप वेगळे, आजोबा एक: सख्खे चुलतभाऊ. वंशावळ न उघडता एवढं कळलं. (हे आजोबा, तैमूर बिन फैसल, 1932 साली मुलासाठी गादी सोडून बाजूला झाले आणि 1965 मध्ये आपल्या मुंबईतच वारले.) आता कोणी यांना 'मिस्टर तैमूर' म्हणून एका फाईलमध्ये घातलं, तर दोन्ही चुलतभाऊ आजोबांच्या नावाखाली गोळा होतील. काबूस यांचे वडील मात्र तिथे नसतील, कारण सईद बिन तैमूर बिन फैसल यांचा तिसरा शब्द 'फैसल'!

याच नावांत दुसरी मेख आहे. काबूस यांच्या नावात 'सईद' दोनदा येतं. पहिलं वडिलांचं. शेवटचं 'आल सईद' वडिलांवरून नव्हे, कारण ज्यांच्या वडिलांचं नाव तारिक, ते हैथमही आल सईदच. हे 'आल' म्हणजे घराणं, कुळ. सौदीच्या राजघराण्याचं 'आल सौद' तेच. आणि 'अल-हार्थी' मधलं 'अल' हे नुसतं उपपद, इंग्रजीतल्या 'द' सारखं. अरबी लिपीत फरक ठळक असतो: 'आल' वेगळं, दीर्घ आ घेऊन सुटं उभं राहतं, 'अल' पुढच्या शब्दाला चिकटतं. रोमन लिपीत दोन्हींची तीच दोन अक्षरं होतात आणि फरक पुसला जातो. म्हणून शंका आली की कागदाची अरबी बाजू पाहायची. लिपी येत नसली तरी चालेल, शब्द सुटा आहे की जोडलेला एवढंच डोळ्यांनी पाहायचं आहे.

'अल-हार्थी' ला अरबीत निस्बा म्हणतात, म्हणजे 'तिथला' किंवा 'त्यांचा' सांगणारा शेवटचा 'ई'. आपण कोल्हापुरी, नागपुरी म्हणतो तसाच. तो जमातीवरून येतो, गावावरून येतो, कधी धंद्यावरूनही. हार्थी ही ओमानच्या पूर्वेकडच्या शर्किया भागातली मोठी जमात, त्यामुळे ते नाव हजारोंचं असणार. नुसत्या निस्बेवरून माणूस ओळखायला जाल तर ते 'पाटील' शोधत गावात शिरल्यासारखं होईल. आणि एक, ओमानी कागदांत बायकांच्या नावात निस्बा स्त्रीलिंगी होते: भाऊ अल-बुसईदी, बहीण अल-बुसईदिया. ही टंकलेखनाची चूक समजून कुणी 'दुरुस्त' करू नये. लग्नानंतर अरबी बाईचं नाव सहसा बदलत नाही, 'बिन्त' पुढे शेवटपर्यंत वडीलच राहतात. उलट आपल्याकडची बाई नवऱ्याचं नाव मधे लावून तिकडे जाते, आणि तिथला कारकून सरळ मनाने तो नवरा तिचा बाप समजतो. चूक त्याची नाही, त्याच्या भाषेत त्या जागी दुसरं कोणी बसतच नाही.

साखळी मोजताना दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, 'अब्द'. अब्द म्हणजे दास, आणि पुढे बहुतेक वेळा देवाचं नाव येतं: अब्दुल्ला, अब्दुर्रहमान, अब्दुल अझीझ. हे दोन तुकडे मिळून एक नाव, एक कडी. रोमनमध्ये ते सुटे लिहिले की 'अब्दुल' ही एक व्यक्ती आणि 'रहमान' ही दुसरी असं वाटून पिढी वाढते. जगानेच केलेली प्रसिद्ध चूक इजिप्तच्या गमाल अब्देल नासर यांची. वडिलांचं नाव अब्देल नासर, आजोबांचं हुसेन. म्हणजे आपण ज्यांना नुसतं 'नासर' म्हणत आलो, त्यांच्या घराण्यात 'नासर' नावाचं आडनाव नव्हतंच, ते वडिलांच्या नावाचं अर्धुक. आता ते रूढ झालं, बोलण्यात राहू द्या. वारसाच्या कागदात मात्र नको.

दुसरं, 'अबू'. अबू म्हणजे बाप, 'अबू सैफ' म्हणजे सैफचा बाप. याला कुन्या म्हणतात, बाईची 'उम्म' ने होते. हे मानाने हाक मारायचं नाव. आपल्याकडे खेड्यात 'बाळूचे बाबा' म्हणतात त्याच जातीचं, पण तिकडे ते समोरासमोर आणि आदराने म्हटलं जातं. सरकारी कागदात ते सहसा येत नाही, चिठ्ठीत, खातेवहीत, बोलण्यात येतं. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल तिकडेही आहे, त्यामुळे सैफचा मुलगा सालिम हा पुढे 'अबू सैफ' होणं अगदी स्वाभाविक. इतकं स्वाभाविक, की लग्नाआधीही मित्र तशी हाक मारतात. म्हणून तुमची चिठ्ठी त्याच माणसाची असावी असं वाटतं, पण एवढ्यावर शपथ घेता येणार नाही.

हाच 'अबू' साखळीत शिरला की 'अबी' होतो, व्याकरणाने, षष्ठीमुळे. अली इब्न अबी तालिब यांचे वडील अबू तालिब. 'अबी' वडील आणि 'तालिब' आजोबा असं नव्हे.

आणि प्रत्येक 'बिन' च्या पुढे बापच असतो असंही धरून चालू नका. देवगिरी-दौलताबादला येऊन गेलेला इब्न बतूता घ्या. त्याचं स्वतःचं नाव मुहम्मद, वडिलांचं अब्दुल्ला, आणि तो टँजिअरचा म्हणून निस्बा 'तंजी'. 'इब्न बतूता' हे घराण्याचं गोठलेलं नाव. अल्जीरिया, ट्युनिशियाकडे अशी 'बेन' लावलेली आडनावं सर्रास आहेत, अल्जीरियात तर 1882 च्या फ्रेंच कायद्याने लोकांना कायमची आडनावं घ्यायला लावली. ओळखायची खूण सोपी: बाप, काका, भाऊ सगळ्यांच्या नावात तेच 'बेन अमुक' असेल तर ते आडनाव. पिढीगणिक बदलत असेल तर साखळी.

तुमच्या कागदांपुरतं म्हणाल, तर आधी पहिल्या दोन कागदांवर ओळखपत्राचा किंवा परवान्याचा क्रमांक आहे का आणि तो जुळतो का ते बघा. तीन कड्या जुळणं हा चांगला पुरावा आहे, पण जिथे आजोबांची नावं नातवांना फिरून फिरून येतात तिथे दोन चुलतभावांचीही नावं बरीच सारखी निघू शकतात. मग उरलेल्या गठ्ठ्यात 'सैफ' शोधा. 'सैफ बिन सालिम' मिळाला तर मालकाला त्या नावाचा मुलगा होता आणि 'अबू सैफ' तोच असण्याची शक्यता चांगलीच वाढते. 'सैफ बिन हमद' मिळाला तर ते बहुधा मालकाचे वडील, आणि चिठ्ठीचा प्रश्न होता तिथेच राहतो.