परिचयलेखाची मुलाखत करताना कोणतं वाक्य कुठे जातं?

प्रश्न: येवल्याच्या एका पैठणी विणणाऱ्या बाईंवरचा साधारण ९०० शब्दांचा परिचयलेख माझ्याकडे आहे. दिवाळी अंकाचे संपादक म्हणतात, "याची मुलाखत करून द्या, प्रश्न ठळक हवेत." लेखाचं प्रश्नोत्तरांत रूपांतर करायचं कसं? नुसते मध्ये मध्ये प्रश्न टाकले तर चालतील का?

उत्तर:

नुसते प्रश्न टाकून चालणार नाही. परिचयलेखात दोन माणसं बोलत असतात, एक बाई आणि दुसरा लेखक. मुलाखतीच्या उत्तरात मात्र फक्त बाई बोलतात. त्यामुळे लेखकाची वाक्यं उचलून उत्तरात ठेवली की जे त्या कधी बोलल्याच नाहीत ते त्यांच्या तोंडी जातं. म्हणून प्रश्न लिहायला बसण्याआधी वाक्यांची वाटणी करा.

लेखाची छापील प्रत घ्या आणि तीन रंगांची पेनं. अवतरणचिन्हांत असलेले बाईंचे शब्द हिरव्याने अधोरेखित करा. "त्या सांगतात की", "त्यांच्या मते", "त्यांना वाटतं" अशी वाक्यं पिवळ्याने. बाकी सगळं, म्हणजे लेखकाचं निरीक्षण, माहिती, कौतुक, दुसऱ्या कुणाचं मत, लाल. हिरवं जसंच्या तसं उत्तरात जातं. पिवळं उत्तरात जाऊ शकतं, पण बाईंनी वाचून होकार दिल्यावरच, कारण ते त्यांचं म्हणणं असलं तरी शब्द लेखकाचे आहेत. लालला उत्तरात जागा नाही. ते प्रास्ताविकात, प्रश्नात किंवा शेजारच्या चौकटीत जातं.

हे नुसतं वाचून नीट कळत नाही, म्हणून एक परिच्छेद करून दाखवतो. तो नमुन्यासाठी मीच रचला आहे, पण असे लेख साधारण असेच लिहिलेले असतात:

> येवल्यातल्या या विणकर बाई वयाच्या अकराव्या वर्षी वडिलांच्या मागावर बसू लागल्या. सुरुवातीची दोन वर्षं आपल्याला नुसत्या कांड्या भरायला लावलं, असं त्या सांगतात. "पदर उलटा करून बघा, मोर दोन्हीकडून सारखा दिसला पाहिजे," हे त्यांचं आवडतं वाक्य. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही यंत्रमागावरच्या स्वस्त साड्यांमुळे गिऱ्हाईक तुटल्याची खंत त्यांच्या मनात आहे. अतिशय विनम्र स्वभावाच्या या कलावतीने आजवर पंधरा मुलींना विणकाम शिकवलं आहे.

घाईत केलेलं रूपांतर असं होतं:

> तुम्ही वयाच्या अकराव्या वर्षी वडिलांच्या मागावर बसू लागलात ना?
>
> हो, मी वयाच्या अकराव्या वर्षी वडिलांच्या मागावर बसू लागले. मी विनम्र स्वभावाची असून आजवर पंधरा मुलींना विणकाम शिकवलं आहे.

यात प्रश्नानेच उत्तर देऊन टाकलं, उत्तराने तेच पुन्हा म्हटलं, आणि एक बाई स्वतःच्या तोंडाने स्वतःला विनम्र म्हणवून घेताहेत. वाचकाला इथेच कळतं की ही मुलाखत कुणी घेतलेली नाही.

आता वाटणी करून:

> मागावर पहिल्यांदा बसलात तेव्हा वय काय होतं?
>
> अकरा. माग वडिलांचा होता. पहिली दोन वर्षं मला नुसत्या कांड्या भरायला लावलं.
>
> पैठणी हातमागावरची आहे की यंत्रमागावरची, हे गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं?
>
> पदर उलटा करून बघा, मोर दोन्हीकडून सारखा दिसला पाहिजे.
>
> पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर तुमच्या धंद्यात काय बदललं?
>
> (फोनवर विचारणे)

मानांकनाचं साल लाल होतं, ते प्रश्नात गेलं. मुलाखत घेणाऱ्याने अशी माहिती प्रश्नात मांडणं स्वाभाविकच आहे. "विनम्र" हा शब्द गेला, आणि तो जायलाच हवा होता. बाई विनम्र असतील तर ते त्यांच्या उत्तरांतून दिसेल. पंधरा मुलींचा आकडा मी प्रास्ताविकात ठेवेन, कारण स्वतःचा आकडा स्वतः सांगणं बऱ्याच माणसांना अवघड वाटतं. "अकरा" हे उत्तरही लेखकाच्या वाक्यातूनच आलं आहे. म्हणजे तेसुद्धा बाईंना विचारून पक्कं केल्याशिवाय छापायचं नाही.

तिसऱ्या प्रश्नापुढे जागा रिकामी आहे, आणि खरं काम तिथेच आहे. लेखात "गिऱ्हाईक तुटल्याची खंत" एवढंच म्हटलंय. "खंत" हा लेखकाचा शब्द. बाई कदाचित "राग येतो" म्हणाल्या असतील, कदाचित नुसता साड्यांचा हिशेब सांगितला असेल. ते आपल्याला ठाऊक नाही. अशा वेळी दोन-तीन छान वाक्यं रचून टाकायचा मोह होतो, तो टाळा. पूर्ण लेख रंगवून झाला की चार-पाच रिकाम्या जागा निघतीलच. त्या कागदावर उतरवा आणि बाईंना पंधरा-वीस मिनिटं फोन करा. बोलणं रेकॉर्ड करणार असाल तर आधी तसं सांगा. या फोनवर मिळालेली उत्तरंच बहुधा मुलाखतीतली सगळ्यांत जिवंत उत्तरं ठरतात, कारण तीच फक्त प्रश्न ऐकून दिलेली असतात. त्याच कारणाने उत्तरांत "(हसून)" किंवा "(क्षणभर थांबून)" असलं काही घालू नका. त्या हसल्या तेव्हा तुम्ही तिथे नव्हता.

मराठीत पिवळ्या वाक्यांचं प्रथमपुरुषी रूप करताना ठरावीक ठिकाणी पाय घसरतो. लेखात आदरार्थी "त्या शिकल्या" असतं, ते "मी शिकले" होतं. वडिलांचा आदर मात्र तसाच राहतो, "वडील म्हणाले". दुरुस्ती करताना एकाच्या जागी दुसरं करून बसण्याची चूक फार होते. दुसरा घोळ "आपण"चा. लेखातलं "आपल्याला कांड्या भरायला लावलं" म्हणजे "मला", पण "आपली पैठणी जगभर जाते" यातलं "आपली" वाचकांना धरून आहे. तिथे "माझी" केलं तर बाई बढाई मारताहेत असं वाटेल. घरच्या माणसांचे उल्लेखही बघा. लेखातले "त्यांचे पती" उत्तरात "माझे पती" म्हणून आले तर फार पुस्तकी वाटतं. बाई "आमचे हे" म्हणतात की "मिस्टर" की "मालक", ते फोनवर कान देऊन ऐका आणि तेच लिहा. "गेल्या वर्षी", "सध्या" असे शब्द लेख लिहिला गेला त्या दिवसापासून मोजलेले असतात. लेख दोन वर्षं जुना असेल तर तिथे साल घाला.

"प्रशिक्षण देण्यात आले", "सन्मानित करण्यात आले" असली वाक्यं कुणी बोलत नाही, ती मोडून "मला शिकवलं", "सत्कार झाला" करा. पण उलट बाजूलाही जाऊ नका. लेख प्रमाण भाषेत असताना उत्तरांना आपल्या मनाने येवल्याची बोली चढवली तर ती नक्कल होते. बोलीतला शब्द हिरव्या वाक्यात असेल किंवा फोनवर आला असेल, तरच ठेवा.

९०० शब्दांच्या लेखातून आठ ते दहा प्रश्न पुरतात. याहून जास्त केले की उत्तरं दोन-दोन ओळींची होतात आणि वाचताना अर्ज भरल्यासारखं वाटतं. सगळी उत्तरं एका मापाची करायची गरज नाही. वयाचं उत्तर एका ओळीत संपू द्या, रंगसंगतीचं दीडशे शब्दांवर गेलं तरी चालेल. प्रश्न पंधरा-वीस शब्दांपलीकडे जायला लागला तर त्यातली माहिती प्रास्ताविकात हलवा. एका प्रश्नात दोन प्रश्न घालू नका, कारण लेखात सहसा एकाचंच उत्तर असतं आणि दुसरं लोंबकळत राहतं. क्रमही लेखाचा ठेवायला हवा असं नाही. लेख बहुतेक जन्मापासून सुरू होतो. मुलाखत पदर उलटा करण्यापासून सुरू केली तरी काही बिघडत नाही.

तयार झालेला मजकूर बाईंना पाठवा, वाचायला त्रास होत असेल तर वाचून दाखवा आणि त्यांनी सांगितलेले बदल करा. लेख दुसऱ्या कुणाचा असेल तर त्या लेखकाचीही परवानगी लागते, कारण रचना आणि निरीक्षणं त्यांची आहेत. प्रास्ताविकाच्या शेवटी एक ओळ द्या: "अमुक यांच्या लेखाच्या आणि नंतर झालेल्या संभाषणाच्या आधारे." बाई हयात नसतील, किंवा संपर्क होतच नसेल, तर मुलाखत करू नका. संपादकांना दुसरा आकार सुचवा: प्रश्न ठळकच, पण उत्तरं तृतीयपुरुषात, "त्या मागावर कधी बसू लागल्या?" "अकराव्या वर्षी." रचना तीच दिसते आणि कुणाच्या तोंडी काही जात नाही.

आता ठळक अक्षरांबद्दल. वर्डमध्ये एकेक प्रश्न निवडून `Ctrl+B` करण्यापेक्षा "प्रश्न" नावाची एक शैली बनवा, त्यात ठळक अक्षरं आणि `Keep with next` दोन्ही लावा. म्हणजे प्रश्न पानाच्या तळाशी एकटा राहून उत्तर पुढच्या पानावर जाणार नाही. फॉन्टला स्वतःचं ठळक वजन आहे ना, हेही बघा (मुक्ताला आहे). नसेल तर संगणक अक्षर नुसतं फुगवतो, आणि लहान टायपात "ष्ट्र", "द्ध" अशी जोडाक्षरं भरून काळी होतात. वेबसाइटवर मार्कडाऊन वापरत असाल तर असं:

```
**मागावर पहिल्यांदा बसलात तेव्हा वय काय होतं?**

अकरा. माग वडिलांचा होता.
```

तारे अक्षरांना चिकटून हवेत, मधली ओळ रिकामी हवी. प्रश्नचिन्हानंतरच्या ताऱ्यांना लागूनच उत्तर सुरू केलं तर बऱ्याच ठिकाणी ठळक होतच नाही आणि तारे तसेच दिसतात. व्हॉट्सअॅपवर दोनऐवजी एकच तारा.

अंक छापील असेल तर एक गोष्ट आधीच करून ठेवा. अक्षरजुळणी करणारे अजूनही अनेकदा युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात, आणि त्या बदलात ठळकपणा बहुतेक वेळा उडतो. मग प्रश्न कुठला आणि उत्तर कुठलं हे जुळणी करणाऱ्याला कळत नाही. म्हणून पाठवायच्या फाइलमध्ये प्रत्येक प्रश्नाआधी "प्र." लिहा, सोबत पीडीएफ द्या, आणि मुद्रित हातात आल्यावर आधी फक्त ठळक ओळी वरपासून खालपर्यंत वाचा. एखाद्या उत्तराचं पहिलं वाक्य ठळक झालेलं असेल किंवा एखादा प्रश्न उत्तरात मिसळलेला असेल, तर तो याच वाचनात सापडतो.